गालिचा घेण्याआधी वाळत घालायची दोरी बघा

*ताई, नमस्कार. आम्ही चोपडा तालुक्यातले, कापूस आणि केळीची शेती. हॉल १२ बाय १४ फुटांचा, गुळगुळीत टाइल्स. गेल्या उन्हाळ्यात त्यात तागाचा जाड विणीचा ६ बाय ९ चा गालिचा टाकला. पावसाळा सरेपर्यंत दोन काठांनी तपकिरी रेघ उमटली, मधे एक गोल डाग पडला आणि कुबट वास काही जाईना. घासला तर डाग वाढला. आता मिस्टर म्हणतात सिंथेटिक घे, दुकानदार लोकरीचा सांगतो, आणि सासूबाई म्हणतात, "सतरंजी लई या, धोवाले सोपी शे." घरात दीड वर्षाचा मुलगा आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण त्यांना खालीच बसायला आवडतं. पाणी बोरचं, उन्हाळाभर कूलर. बजेट आठ हजार. काय घ्यावं? आणि जुना फेकून द्यायचा का?*
*— एक वाचक, चोपडा तालुका*

ताई,

सासूबाईंचं ऐका. सुती सतरंजीच घ्या, फक्त एक मोठी न घेता ४ बाय ६ च्या दोन घ्या. असं का, ते तुमच्या जुन्या गालिच्यावरच्या डागांवरूनच सांगते. धुळ्यात घराच्या मागच्या अंगणात मी बारा वर्षं लोकांच्या सतरंज्या आणि गालिचे धुऊन द्यायचं काम केलं. आलेला माल दोरीवर टाकायच्या आधी मी त्याचे डाग नीट बघत असे, कारण त्या घरात पाणी कुठून येतं हे डागावरून कळतं.

काठाकाठाने सरळ तपकिरी रेघ असली, तर ते फरशी पुसण्याचं पाणी असतं. रोज ओलं फडकं गालिच्याच्या कडेपर्यंत येतं, कडेचा ताग ते पाणी पितो, आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. दोनच काठांना रेघ आहे म्हणजे उरलेल्या दोन बाजू सोफ्याखाली किंवा भिंतीला लागून असणार. मधला गोल डाग म्हणजे काहीतरी सांडलं, आणि दीड वर्षाचं मूल आहे म्हटल्यावर काय सांडलं ते सांगायला नको. वास मात्र या दोन्हींमुळे नाही, तो खालून येतो. पावसाळ्यात गुळगुळीत टाइल्सना घाम येतो. त्यावर जाड गालिचा अंथरला की खालची ओल बाहेर पडायला वाटच राहत नाही. एक कोपरा उचलून पाठीला नाक लावून बघा. पाठ वरच्या बाजूपेक्षा जास्त वास मारत असेल, तर ओल खालची आहे हे नक्की.

घासल्यावर डाग वाढला, कारण तो मळ नव्हताच. ताग हा झाडाच्या खोडाच्या सालीतून निघतो. त्यात लाकडात असतो तसा, लिग्निन नावाचा, तपकिरी पडणारा भाग बराच असतो. पाणी पडलं की धाग्यातला हा रंग सुटतो, पाण्याबरोबर कडेकडे सरकतो, आणि पाणी उडून गेलं की कडेला वर्तुळ उरतं. तुम्ही परत पाणी लावून घासलं, म्हणजे नवं आणि मोठं वर्तुळ काढलं. बोरच्या पाण्यातले क्षारही त्याच कडेला जाऊन बसतात. दुकानात यातलं काहीच दिसत नाही. तिथे ताग कोरडा असतो, सोनेरी दिसतो, आणि आपल्या शेतकरी मनाला तो मातीचा रंग आवडतोही.

तागाची दुसरी अडचण अशी की तो हवेतलंच पाणी खूप ओढतो. हवा मध्यम दमट असली तरी शंभर ग्रॅम कोरडा ताग तेरा-चौदा ग्रॅम पाणी धरून ठेवतो. तेवढाच कापूस सात-आठ ग्रॅम धरतो. त्यात ओला ताग कोरड्यापेक्षा कमजोर असतो, तर कापसाचा धागा ओला झाल्यावर उलट जास्त मजबूत होतो. धोबी सुती कापड दगडावर आपटू शकतो ते म्हणूनच, आणि ओलं गोणपाट हाताने ताणलं तर फाटतं तेही म्हणूनच. घरात कूलर असेल तर उन्हाळ्यातसुद्धा तागाची सुटका नाही. बाहेर ४४ अंशांची कोरडी हवा असते, पण कूलर खोलीत सतत पाणी सोडत असतो, आणि त्याच्या तोंडासमोरच्या तीन-चार फुटांत बारीक तुषारही पडतात.

म्हणून कोणी मला गालिच्याबद्दल विचारलं की मी आधी उलट विचारते, तो तुम्ही कशावर वाळवणार? अंगणात दोरी आहे का, गच्चीचा कठडा आहे का, ओला गालिचा दोघांना उचलेल का? तो किती टिकेल हे त्यावरच ठरतं. आपल्याकडे मार्च ते मे ऊन इतकं कडक असतं की जाड सतरंजीसुद्धा एका दिवसात खडखडीत वाळते. तीच सतरंजी आषाढात धुतली तर चौथ्या दिवशीही आतून गार लागते. मी एकदा गिऱ्हाइकाच्या आग्रहाखातर जुलैत ६ बाय ९ ची जाड सतरंजी धुवायला घेतली. वाळेवाळेतो तिच्या घड्यांत काळे ठिपके आले होते. बुरशीचे काळे ठिपके कापसातून सहसा पूर्ण जात नाहीत. त्या बाईंना मी सतरंजीचे पैसे भरून दिले आणि तेव्हापासून पावसाळ्यात जाड माल घेणं बंद केलं.

दोन मध्यम घ्या म्हणाले तेही याचसाठी. सुती माल आपल्या वजनाइतकं, कधी त्याहूनही जास्त पाणी सहज धरतो. ६ बाय ९ ची भरदार सतरंजी ओली झाली की एकट्या बाईला दोरीवर टाकता येत नाही. मग ती धुणं पुढे ढकलत राहता, आणि वर्ष निघून जातं. ४ बाय ६ ची एकटीला उचलते, बादलीत नाही तर न्हाणीघरातल्या टपात भिजते, आणि एक दोरीवर असताना दुसरी हॉलमध्ये राहते. तुमच्या १२ बाय १४ च्या हॉलमध्ये सोफ्यासमोर एक आणि सासूबाई बसतात त्या बाजूला दुसरी, असं अंथरलं की मधे चालायला मोकळी फरशीही उरते.

दुकानात सतरंजी कशी पारखायची ते सांगते. ती उजेडासमोर धरा. आरपार ठिपके-ठिपके उजेड दिसला तर वीण सैल आहे. मग दोन्ही अंगठ्यांनी आडवे धागे बाजूला सारून बघा. चांगल्या सतरंजीत आडवे धागे इतके ठोकून बसवलेले असतात की आतला उभा ताणा दिसत नाही आणि अंगठ्याने सरकतही नाहीत. सरकले, तर पहिल्याच धुण्यात तिथे जाळी पडेल. एकाच मापाच्या दोन सतरंज्या हातात तोलून बघा आणि जड असेल ती घ्या. मात्र हाताला खळीचा कडकपणा लागत नाही ना, तेही बघा. खळीचं वजन पहिल्या धुण्यात निघून जातं आणि सतरंजीचं फडकं होतं. दोन्ही बाजूंनी नक्षी सारखी असेल तर ती उलटवून वापरता येते, झीज दोन बाजूंत वाटली जाते.

रंगाची परीक्षा मात्र चुकवू नका. पांढरा रुमाल ओला करून लाल किंवा निळ्या पट्ट्यावर दहा-वीस वेळा दाबून घासा. रुमालाला रंग लागला तर ती सतरंजी कितीही देखणी असो, लहान मूल असलेल्या घरात नको. पहिल्याच ओल्या डागाला लाल रंग पांढऱ्या पट्ट्यात उतरेल. आणि सुती माल पहिल्या धुण्यात थोडा आटतो, म्हणून अगदी मापात न घेता दोन-तीन इंच मोठी घ्या.

आता बोरच्या पाण्याबद्दल. या पाण्यात कपड्यांचा वडीचा साबण वापरला की साबण आणि क्षार मिळून एक चिकट राखाडी साय होते आणि ती धाग्यात जाऊन बसते. सतरंजी धुतल्यावर कडक आणि मळकट लागते, ती याच सायीमुळे. मग बायका सोडा घालतात, आणि रंगही जातो. त्याऐवजी कपड्यांचं लिक्विड डिटर्जंट घ्या, तेही कमी. ४ बाय ६ च्या सतरंजीला तीन-चार चमचे पुरतात. अर्धा तास भिजवून ब्रशने विणीच्या दिशेने घासा, आणि पाणी स्वच्छ निघेपर्यंत खंगाळा. शेवटच्या बादलीत अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घाला, क्षार सुटतात आणि सतरंजी मऊ राहते. एक चूक आपल्याकडे घरोघरी होते. पाणी वाया जाऊ नये म्हणून आरओच्या नळीतून निघणारं पाणी साठवून त्यात सतरंज्या खंगाळतात. पाणी वाचवायचा हेतू चांगलाच आहे, पण त्या पाण्यात बोरच्या पाण्यापेक्षाही जास्त क्षार असतात. ते पहिल्या भिजवणीला वापरा, शेवटच्या खंगाळणीला वापरू नका.

वाळवताना उलटी बाजू उन्हाकडे करा. आपलं मेचं ऊन रंग खातं. एका डागासाठी मात्र सुलटी बाजूच उन्हाकडे हवी, तो म्हणजे हळदीचा. भरताची नाही तर शेवभाजीची तर्री सांडली की आधी कोरड्या फडक्याने टिपा, मग भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब ओल्या बोटाने चोळून तेल काढा. साबणाने पिवळा डाग एकदम लाल होईल, घाबरू नका, हळद साबणाला लागली की लाल होतेच. पाण्याने धुऊन तेवढा भाग दोन दिवस कडक उन्हात धरा. हळदीचा रंग उन्हाने उडतो. सुती सतरंजीला ऊन दाखवता येतं, म्हणून हा डाग तिच्यावर फार टिकत नाही.

वर्षातून दोन मोठी धुणी पुरतात. एक मार्च-एप्रिलमध्ये, दुसरं दसरा झाल्यावर ऑक्टोबरच्या उन्हात, दिवाळीच्या साफसफाईबरोबर. मधल्या पावसाळ्यात धुवायचं नाही. आठवड्यातून एकदा उचलून गच्चीत किंवा ओट्यावर अर्धा तास उघडी टाकायची आणि खालची फरशी कोरडी करून मगच परत अंथरायची. रोज फरशी पुसतानाही सतरंजी गुंडाळून बाजूला ठेवा. काठाने पुसत गेलात तर कापसालाही कालांतराने मळकट काठ येईल.

तुमच्या घरात रोज माती येणार, तीही काळी, म्हणून तिच्याबद्दल थोडं जास्त सांगते. गालिचे खरे झिजतात ते पायाखालच्या बारीक खड्यांनी. अंगणातली वाळू आणि कच विणीच्या तळाशी जाऊन बसते आणि प्रत्येक पावलागणिक धागा आतून कापत राहते. केसाळ गालिच्यात ही कच वर दिसतच नाही. सपाट सतरंजीतून ती खाली फरशीवर पडते. सतरंजी उचलल्यावर खाली मातीचा थर दिसला की लोकांना वाटतं सतरंजी खराब आहे. खरं तर ती माती धाग्यात न अडकता बाहेर पडली, हे चांगलंच झालं. आठवड्याला दोरीवर टाकून पाठीकडून धोपटा. पाठीकडून, कारण वरून धोपटलं तर कच आणखी आत जाते.

काळ्या मातीचा ओला चिखल मात्र वेगळा. चोपड्याच्या पावसात चप्पल कशी जड होते ते तुम्हाला माहीत आहे. तो चिखल ओला असताना पुसलात तर चिकण माती धाग्यात घुसते आणि राखाडी डाग कायमचा बसतो. हात लावू नका, पूर्ण वाळू द्या. वाळला की तो आपोआप भेगाळतो. मग नखाने किंवा कोरड्या ब्रशने ढेपळं काढा, झटका, आणि मगच उरलेल्या जागेला ओलं फडकं लावा.

चिखल हॉलपर्यंत येऊच नये म्हणून मिस्टरांचं म्हणणं थोडं मानू. दाराबाहेर ओट्यावर पाय घासायला काथ्याचं पायपुसणं, आणि दाराच्या आत एक प्लॅस्टिक धाग्याची सपाट विणीची चटई ठेवा. प्लॅस्टिकचा धागा पाणी पीत नाही. नळी लावून धुतली आणि कठड्यावर टाकली की तासाभरात कोरडी. पाठीला काहीही चिकटवलेलं नसेल अशीच घ्या.

ही शेवटची अट महत्त्वाची आहे, आणि सिंथेटिक गालिचा मी हॉलसाठी का नको म्हणते तेही तिच्यातच आहे. स्वस्त सिंथेटिक गालिचा उलटवून बघा. वर पॉलिप्रॉपिलीनचे केस असतात, त्याला खरंच काही होत नाही, पण पाठ बहुतेक वेळा तागाच्या जाळीची असते आणि त्यावर रबरासारखा लॅटेक्सचा डिंक फासलेला असतो. मुलाने शू केली की ती केसांत न थांबता थेट पाठीत उतरते. म्हणजे नाव सिंथेटिकचं, आणि ओल धरणारा तो तागच, वर डिंकात बंद केलेला. वरून धुतलं की वरचं स्वच्छ दिसतं आणि तिसऱ्या दिवशी खालून वास येतो. शिवाय पॉलिप्रॉपिलीन पाणी नाकारतं, पण तेल धरून ठेवतं. तेलाचा डाग निघाल्यासारखा वाटतो आणि त्याच जागी धूळ चिकटून महिन्याभरात परत काळा पडतो. सोफ्याच्या पायाखाली केस एकदा दबले की उठत नाहीत. उदबत्तीचा निखारा पडला किंवा गरम इस्त्री टेकली तर वितळून कडक गोळा होतो, तो मुलाच्या तळपायाला टोचतो. आणि हा धागा घाम टिपत नाही, म्हणून मेच्या दुपारी उघड्या पायांना आणि पाठीला तो चिकट, गरम लागतो. सासूबाई त्यावर दुपारी आडव्या होणार नाहीत.

लोकरीबद्दल माझ्या मनात फार आदर आहे. चारही प्रकारांत पायाखाली सर्वांत सुखाची तीच. तिचा केस मुळातच कुरळा असतो, दाबला की परत उठतो. ती घाम पोटात घेऊनही ओली लागत नाही, आणि ठिणगी पडली तर पेट घेण्याऐवजी करपून विझते. मोकळ्या शेतात मेंढ्या बसवायला येणाऱ्या धनगरांच्या खांद्यावरची घोंगडी पाऊस, थंडी, जमीन सगळं सोसते, ते आपण लहानपणापासून पाहिलंय. पण तुमच्या हॉलसाठी आज ती नको. लोकर सोड्याने आणि ब्लीचने खराब होते, गरम पाण्यात चोळली की आटून नमद्यासारखी घट्ट होते. ती घरी धुणं कठीण, आणि दीड वर्षाच्या मुलाच्या घरात सांडलेलं धुऊन काढणं तर आठवड्याला लागणार. कोपऱ्यात, सोफ्याखाली न हलवता राहिली की तिला कसर लागते. त्यासाठी डांबराच्या गोळ्या ठेवायच्या म्हणाल, तर रांगणाऱ्या, तोंडात सगळं घालणाऱ्या मुलाजवळ त्या विषासारख्या आहेत.

दुसरं असं की आठ हजारांत ६ बाय ९ चा लोकरीचा म्हणून जो गालिचा दाखवतील, तो पाठीकडून नक्की बघा. भदोही-मिर्झापूरकडे हाताने गाठी मारून विणतात त्या गालिच्याच्या पाठीवर नक्षी समोरच्याइतकीच स्पष्ट असते आणि एकेक गाठ मोजता येते. या पैशांत तसा, त्या मापाचा मिळत नाही. मिळतो तो बहुधा कापडावर केस टोचून, मागून डिंक लावून, वर दुसरं कापड चिकटवलेला. पाठीवर कापड चिकटवलेलं दिसलं की ओळखा. आमच्या शेजारी असा एक होता, घेतला तेव्हा फार सुंदर. चौथ्या उन्हाळ्यात त्याखाली रोज पांढरी पूड सापडायला लागली. लॅटेक्स उष्णतेने आणि कूलरच्या ओलीने सुकून चुरा होत होता, आणि केस मुळासकट हातात यायचे. त्याला दुरुस्ती नव्हती. धागा खरंच लोकरीचा आहे का, हे बघायला दुकानदाराकडून एक सुटा धागा मागून घ्या आणि दुकानाबाहेर चिमट्यात धरून जाळा. लोकर जळताना जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांनी चुरडते. कापूस आणि ताग कागदासारखे जळतात, मऊ राख पडते. सिंथेटिक वितळतं आणि थंड झाल्यावर कडक मणी उरतो.

सासूबाईंच्या गुडघ्यांना सतरंजी पुरणार नाही, हे मला माहीत आहे. तिला जाडीच नसते. त्यांच्या बसायच्या जागी सतरंजीवर घरची जुनी गोधडी चौघडी घालून टाका, किंवा कापसाचं चार इंच जाड बस्कर शिवून घ्या. कापूस तर घरचाच आहे. कव्हर काढता येईल असं शिवा. गादी जितकी उंच, तितकं उठताना गुडघ्यावर ओझं कमी. हिवाळ्यात रात्री पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा त्याच बस्करावर घोंगडी टाकून द्या. लोकर घरात हवीच असेल तर ती अशी वापरा, छोटी, उचलता येणारी, आणि दर पंधरा दिवसांनी उन्हात दोन तास उलटीसुलटी झटकली जाणारी.

आता सतरंजीचा दोष, आणि तो खरंच धोक्याचा आहे. गुळगुळीत टाइल्सवर ती सरकते. दुखऱ्या गुडघ्यांच्या माणसाला आणि नव्याने चालणाऱ्या मुलाला एक सरकलेली सतरंजी पुरते. खाली न घसरणारी जाळी अंथरा, चारही बाजूंनी सतरंजीपेक्षा दोन इंच आत कापून, म्हणजे काठ उचलत नाही. जाळी रबराची घ्या. स्वस्त पीव्हीसीची जाळी आपल्या उन्हाळ्यात चिकट होते आणि टाइल्सवर जाळीचे डाग सोडते. कोणतीही घेतली तरी महिन्यातून एकदा उचलून खालची फरशी बघा. सतरंजीच्या टोकाच्या दशांत पायाची बोटं अडकतात. त्या आत दुमडून जाड दोऱ्याने शिवून टाका, अंथरण्याआधीच.

मुलाने शू केली तर पाणी ओतायला धावू नका. आधी जुना टॉवेल टाकून त्यावर उभ्या राहा, जितकं टिपता येईल तितकं टिपा. मग वाटीभर पाणी, परत टॉवेल. शेवटी चार वाट्या पाण्यात एक वाटी पांढरं व्हिनेगर मिसळून तेवढ्या जागी शिंपडा आणि सतरंजी खुर्चीच्या पाठीवर टाकून दोन्ही बाजूंनी पंखा लावा. फिनाईल वापरू नका. त्याचा अंश धाग्यात राहतो, आणि मूल तिथेच तोंड टेकवतं.

दोन सतरंज्या, रबराची जाळी, काथ्याचं पायपुसणं आणि दाराची चटई, हे आठ हजारांत बसायला हवं. दुकानदार सतरंजीबरोबर तागाचं मोठं पायपुसणं गळ्यात मारायला बघेल, ते दारात नको. तिथे रोज ओले पाय येतात.

जुना ताग फेकू नका. तो आधी दोन दिवस कोरड्या सावलीत, चारही बाजूंनी हवा लागेल असा, दोन बाजांवर आडवा टाका. थेट उन्हात नको, उन्हाने ताग आणखी पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो. वास गेला की गोल डागाच्या कडेवर पाण्यात अर्ध्याने पातळ केलेलं पांढरं व्हिनेगर स्प्रेने अगदी हलकं मारा, धागा वरून ओलसर होईल इतकंच, लगेच पांढऱ्या फडक्याने टिपा आणि पंख्याखाली ठेवा. आधी एका कोपऱ्यात करून बघा. डाग फिका होतो, पूर्ण जात नाही. मग काठाची तपकिरी पट्टी कापून, कापलेल्या कडेला जाड सुती पट्टी शिवून घ्या. गादी शिवणारे कारागीर हे काम करून देतात. तयार झालेला छोटा गालिचा वरच्या खोलीत, जिथे कूलर नाही, फरशी ओल्या फडक्याने रोज पुसली जात नाही आणि कोणी उघड्या अंगाने बसत नाही, अशा जागी कपाटासमोर टाका. मात्र काठ कापायच्या आधी नाक लावून परत एकदा बघा. दोन दिवसांच्या हवेनंतरही पाठीला कुबट वास असेल, तर बुरशी विणीच्या आत गेली आहे. मग त्यावर शिलाईचे पैसे घालू नका. तुकडे करून केळीच्या बुंध्याशी आच्छादन म्हणून अंथरा, ताग तिथे मातीत मिसळून जाईल.